टीटीएल ६० ठेवला, तरी लोक जुन्याच सर्व्हरवर! शनिवारी रात्री स्थलांतर आहे, काय करू?

तापीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यातल्या काही केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. बागेत कोणती टोळी गेली, ट्रक कुठे भरतोय, काट्यावर वजन किती आलं, शेतकऱ्याची काटापट्टी, हे सगळं एका वेबसाइटवर. सर्व्हर म्हातारा झालाय. नवीन भाड्याने घेतला, त्याचा आयपी वेगळा. येत्या शनिवारी रात्री ११ ला सगळं नव्यावर न्यायचं ठरलंय. रविवारी बऱ्याच घरी कानबाई बसणार, बागा बंद, त्यामुळे गर्दी कमी असेल हा हिशोब.

थेट उडी नको म्हणून परवाच्या शनिवारी फक्त काट्याच्या उपनावाची रंगीत तालीम घेतली. इथे त्याला `kata.example.com` म्हणू. त्याचा टीटीएल, म्हणजे पत्ता किती सेकंद साठवायचा तो आकडा, आधी ३६०० होता, बुधवारीच ६० केला होता. शनिवारी रात्री ११ ला रेकॉर्ड `192.0.2.10` वरून `198.51.100.20` वर बदललं. नव्या सर्व्हरच्या पानावर वर हिरवी पट्टी टाकली होती, म्हणजे कोण कुठे पोचलं ते फोनवर विचारता येईल.

माझ्या मोबाइलवर दीड मिनिटात हिरवी पट्टी आली. जळगावच्या ऑफिसात ब्रॉडबँडवर आली ११:०५ च्या आसपास. सावद्याच्या ऑफिसात मुनीमजींनी रविवारी सकाळी ६:१० ला पान उघडलं, तर पट्टी नाही! सात तासांनी! मी फोन कानाला लावून लॅपटॉप उघडतोय तोवर तेच म्हणाले, "आली आली, हिरवी आली." आणि वजनकाट्याचा संगणक मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत जुन्याच सर्व्हरला वजनं पाठवत बसला. बंद करून चालू केला तेव्हा सुधारला. ३१ नोंदी जुन्या डेटाबेसात पडल्या, त्या मी हाताने उतरवल्या.

६० सेकंद म्हणजे ६० सेकंद ना? मग हे काय?

---

शेवभाजी | सोमवार, रात्री ९:५२

६० सेकंदात आमच्या ढाब्यावर पाण्याचा जग येत नाही भो, तू सर्व्हर मागतोस.

---

धुळेकर_नाना | सोमवार, रात्री १०:१५

नेहमीची चूक. टीटीएल कमी केला तरी ज्यांच्याकडे जुनं रेकॉर्ड जुन्या टीटीएलसकट पडलंय, त्यांना तो बदल कळतच नाही. जुना टीटीएल जितका, निदान तितका वेळ आधी तो उतरवावा लागतो. लोक स्थलांतराच्या तासभर आधी उतरवतात आणि मग रडतात.

---

तापीकाठ | सोमवार, रात्री १०:२१

नाना, बुधवारी उतरवलाय. जुना होता ३६००, म्हणजे एक तास. शनिवारपर्यंत तीन दिवस गेले.

---

धुळेकर_नाना | सोमवार, रात्री १०:३०

मग तुमचे इंटरनेटवाले चोर आहेत. टीटीएल हा हुकूम असतो, त्यात बदल करायचा कुणाला अधिकार नाही. शून्य ठेवून बघा, शून्याला तर कोणी साठवूच शकत नाही.

---

चाळीसगाव_आउटर | सोमवार, रात्री ११:०४

माझ्याकडे पिंग केल्यावर टीटीएल ५२ येतो, घरच्या राउटरला ६४ येतो. तुमचा ६० म्हणजे ठीकच आहे की. सर्व्हर लांब असेल तर कमी होतो.

---

शेवभाजी | सोमवार, रात्री ११:०६

आउटरला गाडी थांबली वाटतं.

---

अपर्णा_अमळनेर | मंगळवार, सकाळी ७:२०

आउटर, तो वेगळा टीटीएल. पिंगमधला आकडा पाकीट किती राउटर ओलांडू शकतं त्याचा, प्रत्येक राउटरवर एकने घटतो. इथे चाललंय ते डीएनएसचं उत्तर किती सेकंद साठवायचं याबद्दल. नाव एक, पण नातं नाही.

तापीकाठ, चारही प्रकार एकाच रोगाचे धरू नका. मोबाइलचं बरोबर आहे. ऑफिसचं पाच मिनिटांचं एक कारण, सावद्याचं दुसरं, काट्याचं तिसरं, असं मला वाटतंय. आधी सोपं घेऊ. जळगावच्या ऑफिसातून तिथल्या रिझॉल्व्हरला विचारा, दहा सेकंदांनी पुन्हा विचारा, आणि मग थेट तुमच्या नेमसर्व्हरला. तिन्ही उत्तरं इथे चिकटवा.

---

तापीकाठ | मंगळवार, सकाळी ११:१०

घ्या ताई. `10.20.0.1` हा ब्रॉडबँडवाल्याने दिलेला रिझॉल्व्हर.

```
$ dig +noall +answer kata.example.com @10.20.0.1
kata.example.com.  300  IN  A  198.51.100.20
$ dig +noall +answer kata.example.com @10.20.0.1
kata.example.com.  290  IN  A  198.51.100.20
$ dig +noall +answer +norecurse kata.example.com @ns1.example.com
kata.example.com.  60   IN  A  198.51.100.20
```

मी ६० लिहिलेत, हा ३०० पासून मोजतोय!

---

अपर्णा_अमळनेर | मंगळवार, दुपारी १:४५

पकडला. त्या रिझॉल्व्हरवर किमान टीटीएलची मर्यादा लावलीये, ३०० ची. त्याहून लहान काहीही आलं की तो ३०० समजून साठवतो, आणि खालच्या ग्राहकांनाही तोच फुगवलेला आकडा सांगतो. म्हणून नानांचा शून्याचा उपाय इथे फुकट जाईल. शून्य दिला तरी तो ३०० च करणार.

यातून तुमच्या कामाचा आकडा निघतो. रेकॉर्ड बदलण्याच्या क्षणभर आधी कुणी विचारलं असेल तर जुना पत्ता त्या रिझॉल्व्हरमध्ये पुढची पूर्ण ३०० सेकंद राहील. ११:०५ ला पट्टी आली ती म्हणूनच. ब्राउझरही स्वतःजवळ मिनिटभर पत्ता धरून ठेवतो, ते वरून. आणि मध्ये ऑफिसचा राउटर स्वतः साठवत असेल तर त्याची मर्यादा वेगळी. बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये डीएनएसमास्क असतं, त्यात ही किमान मर्यादा एक तासापर्यंत लावता येते.

---

यावलचा_केबलवाला | मंगळवार, रात्री १०:५०

नाना, तुम्ही ज्याला चोर म्हणताय तो मीच, फक्त दुसऱ्या गावचा. माझंही ऐका.

मी यावल आणि आजूबाजूच्या गावांत केबलचं नेट देतो. एका जुन्या मशीनवर अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवलाय, सगळी गिऱ्हाइकं त्यालाच विचारतात. वरून येणारी फायबर नाशिककडून येते आणि रस्त्याच्या कामात जेसीबी कधी कुठे दात मारेल सांगता येत नाही. लाइन पूर्ण तुटली तर सरळ बंद पडतं, लोक समजून घेतात. पण बहुतेक वेळा ती अर्धवट आजारी असते. दहातलं एखादं पाकीट हरवतं. व्हिडिओ कसाबसा चालतो, पण डीएनएसचा एक प्रश्न हरवला की गिऱ्हाइकाच्या फोनवर पान काही सेकंद पांढरं राहतं आणि माझा फोन वाजतो.

आता मोठमोठ्या साइटींची नावं २० सेकंद, ३० सेकंद, ६० सेकंद टीटीएलची असतात. म्हणजे तेच नाव, तेच उत्तर, आणि मी दर अर्ध्या मिनिटाला मुंबईला जाऊन विचारतोय. प्रत्येक फेरीत पाकीट हरवायची संधी. म्हणून मी हे घातलं:

```
cache-min-ttl: 300
serve-expired: yes
```

किती टक्के फरक पडला ते मी मोजलं नाही. संध्याकाळचे फोन कमी झाले, एवढं खरं. एका फोरमवर कुणीतरी सांगितलं होतं, मी लावलं आणि विसरलो. कुणाचं स्थलांतर बिघडेल हे डोक्यातही नव्हतं.

---

धुळेकर_नाना | बुधवार, सकाळी ८:००

कारण पटलं, तरी नियम तो नियम. मानकात लिहिलंय.

---

अपर्णा_अमळनेर | बुधवार, सकाळी ९:३५

मानकात काय लिहिलंय ते बघू, कारण नाना अर्धे बरोबर आहेत.

१९८७ च्या आरएफसी १०३५ नुसार टीटीएल म्हणजे पुन्हा मूळ स्रोताला विचारण्याआधी रेकॉर्ड किती काळ साठवता येईल तो काळ. १९९७ च्या २१८१ ने स्पष्ट केलं की ही कमाल मर्यादा आहे. त्यामुळे रिझॉल्व्हरने लवकर टाकून दिलं तर चालतं. जास्त ठेवायला परवानगी नव्हती. २०२० मध्ये आरएफसी ८७६७ आला, त्याने एक फट उघडली: मूळ सर्व्हरकडून ताजं उत्तर मिळतच नसेल, तर मुदत संपलेलं उत्तर द्यायला हरकत नाही. नेमसर्व्हर ठणठणीत असताना ६० चे ३०० करायला मात्र त्यातही जागा नाही.

म्हणजे कागदावर नाना जिंकले. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी बटण दिलंय आणि चालवणारे दाबतात. गंमत बघा, प्रत्येकाने बटणाला वेगवेगळा लगाम घातलाय. बाइंडमध्ये किमान मर्यादा ९० सेकंदांच्या वर जातच नाही. डीएनएसमास्कचं एक तासाचं वर सांगितलंच. अनबाउंडने लगाम न घालता मॅन्युअलमध्ये नुसतं बजावलंय की तासाच्या वगैरे वर गेलात तर त्रास होईल. तिघांचंही मूळचं सेटिंग शून्यच असतं. कुणीतरी हाताने बदलल्याशिवाय हे होत नाही.

केबलवाले भाऊ, तुमची दुसरी ओळ वाचून मी खुर्चीत सरळ बसले. सावद्याला तुमचं नेट आहे का?

---

यावलचा_केबलवाला | बुधवार, दुपारी २:१०

आहे. स्टेशन रोडच्या बाजूला. आता मला घाम फुटलाय.

---

अपर्णा_अमळनेर | बुधवार, दुपारी २:४०

मग मुनीमजींचं कोडं बहुधा सुटलं. `serve-expired` मध्ये तुम्ही `serve-expired-client-timeout` लावला नसेल आणि अनबाउंड जुना असेल, तर तो आधी जाऊन विचारत नाही. मुदत संपलेलं उत्तर खिशातून काढून लगेच देतो आणि मग मागच्या दाराने ताजं आणायला जातो. आरएफसीचा सल्ला उलटा आहे: आधी विचारून बघा, १.८ सेकंदांत आलं नाही तरच शिळं वाढा.

शनिवारी रात्री आठ-साडेआठला सावद्यातून कुणीतरी काट्याचं पान उघडलं असेल. ते उत्तर तुमच्या ३०० सेकंदांनी शिळं झालं, पण तसंच पडून राहिलं. रात्रभर कुणी विचारलं नाही. सकाळी ६:१० ला पहिला विचारणारा मुनीमजी, त्यांना ते शिळं मिळालं. त्यांच्याच प्रश्नामुळे ताजं आलं, आणि मिनिटभरात ब्राउझरने पुन्हा विचारल्यावर हिरवी पट्टी. गर्दीच्या साइटला हे जाणवतच नाही, कारण दर मिनिटाला कुणीतरी पहिला होऊन जातो. तुमच्यासारख्या रात्री झोपणाऱ्या साइटला सकाळच्या पहिल्या माणसालाच फटका.

खात्री करायची तर एका वेगळ्या नावावर करा. रात्री एकदा सावद्यातून विचारा, मग रेकॉर्ड बदला, सकाळपर्यंत हात लावू नका, आणि सकाळी लागोपाठ दोनदा विचारा.

---

शेवभाजी | बुधवार, दुपारी ३:०२

म्हणजे केबलवाला रात्रीचं वरण सकाळी पहिल्या पाहुण्याला वाढतो आणि मग ताजं चुलीवर ठेवतो.

---

यावलचा_केबलवाला | बुधवार, दुपारी ३:१५

आणि वर ३० सेकंदांत खा म्हणून सांगतो. शिळ्या उत्तरावर तो ३० चा टीटीएल चिकटवतो, आत्ताच सेटिंगमध्ये पाहिलं.

---

तापीकाठ | गुरुवार, सकाळी ६:३०

मुनीमजींच्या ऑफिसातल्या मुलाकडून करून घेतलं. रात्री ९ ला त्याने एकदा विचारलं, ९:३० ला मी रेकॉर्ड बदललं. हे आजचं सकाळचं, दोन सेकंदांच्या अंतराने:

```
chachani.example.com.  30   IN  A  192.0.2.10
chachani.example.com.  298  IN  A  198.51.100.20
```

पहिलं शिळं, दुसरं ताजं आणि तेही ३०० च्या हिशोबाने. ताई, दंडवत.

---

यावलचा_केबलवाला | गुरुवार, सकाळी ७:४५

माझीच दोन्ही बटणं, एका खाली एक. लाज वाटली. शनिवारी रात्री तुम्ही फोन करा, मी `unbound-control flush` मारून तुमचं नाव काढून टाकतो. `serve-expired` ला टाइमआउटही लावतो. ३०० मात्र काढणार नाही, फार तर ६० वर आणेन. गिऱ्हाइकांच्या शिव्या मला खाव्या लागतात, तुम्हाला नाही.

---

धुळेकर_नाना | गुरुवार, सकाळी ९:१०

गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरसाठी नाव टाकून कॅशे काढायचं पान असतं. तेही करून घ्या.

---

भुसावळ_जंक्शन | गुरुवार, रात्री १०:२०

सगळा धागा वाचला. रिझॉल्व्हरच्या मागे लागण्यात जन्म जाईल. यावलवाला भला माणूस सापडला म्हणून फ्लश करतोय. बाकी रावेर, मुक्ताईनगर, बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांचे केबलवाले कुठे शोधणार? आणि शोधायचं कशाला?

एका पतसंस्थेचं काम मी असंच डीएनएसच्या भरवशावर हलवलं होतं. रात्री बदललं, सकाळी दोन शाखा जुन्यावर आणि बाकीच्या नव्यावर. दोन्हीकडे डेटाबेस चालू. दुपारपर्यंत एकाच पावती क्रमांकाच्या दोन-दोन पावत्या निघाल्या. पान जुनं दिसलं यात काही बिघडत नाही हो, जुन्या डेटाबेसात *लिहिलं* गेलं की बिघडतं. त्या पावत्या जुळवायला आम्ही तिघं चार दिवस बसलो होतो.

तेव्हापासून क्रम उलटा करतो. डीएनएसला शेवटी हात लावतो. आधी जुन्या सर्व्हरवरचं ॲप बंद करायचं, शेवटचा डेटाबेस नव्यावर न्यायचा, आणि जुन्या सर्व्हरला नुसता पोस्टमन बनवायचं. जो येईल त्याला नव्याकडे ढकलायचं:

```
stream {
    log_format junya '$time_local $remote_addr $bytes_sent';
    access_log /var/log/nginx/junya.log junya;
    server {
        listen 443;
        proxy_pass 198.51.100.20:443;
    }
}
```

हे चालू झालं त्या क्षणी स्थलांतर संपलं. सगळे अजून जुन्याच पत्त्यावर येतात आणि सगळे नव्यावरच पोचतात. टीटीएल ६० असो की दिवसभराचा. पाकीट न उघडता पुढे जातं, त्यामुळे प्रमाणपत्र नव्या सर्व्हरवर आधीच बसवलेलं हवं. ८० पोर्टसाठी असाच दुसरा `server`.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. रात्री दोनला नव्यात काही घोळ निघाला, तर `proxy_pass` ची ओळ बदलून परत फिरता येतं, आणि ते सगळ्यांना एकदम लागू होतं, कारण नवा पत्ता अजून जगात कुणालाच माहीत नाही. डीएनएस आधी बदललं असतं तर परत फिरतानाही हेच ३०० सेकंद आणि शिळी उत्तरं आडवी आली असती. एक दिवस नीट चालू द्या, मग निवांत रेकॉर्ड बदला.

---

तापीकाठ | शुक्रवार, दुपारी १२:३०

जंक्शन भाऊ, हेच करतो. तालमीतलं काट्याचं नावही परत जुन्या पत्त्यावर आणून तो संगणक बंद-चालू केलाय. पण चाचणीत एनजिनएक्स सुरूच होईना, `unknown directive "stream"` म्हणतो.

---

भुसावळ_जंक्शन | शुक्रवार, दुपारी १२:४१

उबंटू ना? `libnginx-mod-stream` टाका. आणि तो `stream` चा भाग `http` च्या आत लिहू नका, `nginx.conf` च्या तळाला बाहेर लिहा.

---

अपर्णा_अमळनेर | शुक्रवार, दुपारी १:१५

एक खड्डा दाखवते. नव्या सर्व्हरला आता सगळी जनता एकाच पत्त्यावरून येताना दिसेल, जुन्या सर्व्हरच्या. तिथे फेलटूबॅन असेल आणि तिघा-चौघांनी पासवर्ड चुकवला, तर तो जुन्या सर्व्हरलाच बाहेर काढेल. म्हणजे अख्खा तालुका बाहेर. `ignoreip` मध्ये `192.0.2.10` आधी घाला. कोण कुठून आलं याची नोंद नव्यावर हवी असेल तर `proxy_protocol` दोन्ही टोकांना लावावा लागेल, पण एका दिवसासाठी मी ते टाळेन.

---

चाळीसगाव_आउटर | शुक्रवार, दुपारी ४:००

काट्याचं कुणी सांगितलंच नाही. तो का दिवसभर अडकला?

---

धुळेकर_नाना | शुक्रवार, दुपारी ४:२५

त्यात आयपीच लिहून ठेवला असेल.

---

तापीकाठ | शुक्रवार, दुपारी ४:३०

नाही नाना, बंद-चालू केल्यावर तो आपोआप नव्यावर गेला होता. जावामध्ये लिहिलंय एवढं माहितीये.

---

अपर्णा_अमळनेर | शुक्रवार, संध्याकाळी ६:०५

जावा असेल तर दोन शक्यता. त्याने सकाळी एक जोडणी उघडली आणि दिवसभर तीच वापरली, तर डीएनएसला तो विचारतच नाही. नाहीतर जावाने नाव एकदा सोडवून कायमचं धरलं. साधारणपणे ते ३० सेकंद धरतं, पण सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल किंवा `networkaddress.cache.ttl` ला उणे एक दिला असेल तर प्रोग्राम बंद होईपर्यंत. यात रिझॉल्व्हर बिचारा निर्दोष.

जंक्शन यांच्या पद्धतीत त्याने काही अडत नाही, तो जुन्या दारातून नव्या घरात जाईल. आणि त्या लॉगमध्ये जोडणी संपली की एक ओळ पडते. दिवसाला काट्याच्या बऱ्याच ओळी दिसल्या तर तो दर वेळी नवी जोडणी जुन्या पत्त्यावर करतोय, म्हणजे नाव धरून बसलाय.

---

तापीकाठ | रविवार, रात्री ११:१५

झालं. वृत्तांत.

शनिवारी १०:४५ ला ॲप बंद, "काम चालू आहे" पान लावलं. डेटाबेस उतरवून चढवायला धरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागला, ११:२० झाले. मग जुन्यावर एनजिनएक्स पूर्ण थांबवून पोस्टमन अवतारात चालू केला. माझ्या मोबाइलवर, ऑफिसात, सावद्यात, तिन्हीकडे लगेच हिरवी पट्टी. डीएनएसला हातही लावला नव्हता.

१:१० ला कळलं की काटापट्टीच्या छपाईत मराठी फॉन्ट नाही. मागे फिरावं लागलं नाही, फॉन्ट टाकला. पण मागे फिरता येतं हे माहीत असल्यामुळे हात थरथरले नाहीत. सकाळी रोट खाल्ले, फोन वाजला नाही. आज रात्री ९ ला सगळं स्थिर बघून रेकॉर्ड बदललं. केबलवाले भाऊंना फोनच केला नाही, गरज पडली नाही.

---

यावलचा_केबलवाला | रविवार, रात्री ११:३०

मी मात्र टाइमआउट लावला. उगाच शिव्या नकोत.

---

तापीकाठ | बारा दिवसांनी, शुक्रवार, रात्री ८:५०

धागा वर आणतोय. जुन्या सर्व्हरचं भाडं महिनाअखेरीस संपतंय म्हणून `junya.log` रोज बघत होतो. रेकॉर्ड बदलल्यावर पहिल्याच तासात बहुतेक मंडळी गळाली. सोमवारी सकाळी आठ-दहा पत्ते एकेकदाच दिसले आणि गेले, ते शिळ्या वरणाचे पाहुणे असावेत. त्यानंतर थेट आयपीवर धडकणारे बॉट सोडले तर एकच पत्ता उरला: काटा. रोज चाळीस-पन्नास ओळी, प्रत्येक काही सेकंदांची.

---

अपर्णा_अमळनेर | शुक्रवार, रात्री ९:१५

म्हणजे दर वजनाला नवी जोडणी, तीही जुन्या पत्त्यावर. नाव धरून बसलाय हे नक्की. आता बंद-चालू करण्याआधी त्याची `java.security` फाइल आणि प्रोग्राम कोणत्या आज्ञेने सुरू होतो ते बघून घ्या, कुणी घातलंय ते कळेल.

---

यावलचा_केबलवाला | शुक्रवार, रात्री ९:२०

उद्या सावद्याला वायर ओढायला चाललोय, फोटो काढून आणतो.

---

तापीकाठ | शनिवार, दुपारी ३:४०

केबलवाले भाऊ पोचायच्या आधीच तिथली लाइट गेली, इन्व्हर्टर बसला आणि काट्याचा संगणक स्वतःच बंद पडून चालू झाला. १२:०५ नंतर लॉग कोरा. फाइलचा फोटो आलाय, त्यात `networkaddress.cache.ttl` च्या ओळीपुढे हॅश आहे, म्हणजे तिथे कुणी काही घातलेलं नाही. सुरू करायची आज्ञा काट्यावाल्या कंपनीच्या पासवर्डमागे आहे. त्यांना फोन केला, तर म्हणाले आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएनएस नसतंच.

---

धुळेकर_नाना | शनिवार, दुपारी ३:५५

मी म्हटलं नव्हतं, आयपी लिहिलाय!

---

तापीकाठ | शनिवार, दुपारी ४:०२

नाना, लाइट गेल्यावर आयपी आपोआप बदलतो का?

बरं, सोमवारी जुना सर्व्हर बंद करतोय.